ओव्हनचा हप्ता महिन्याला किती केक मागतो?

वाचकाचे पत्र

मी कराडला घरीच बिनअंड्याचे केक करते आणि अधूनमधून नानकटाईही करते. अर्धा किलोचा केक ३५० रुपयांना देते, सामानाला १५० रुपये लागतात आणि महिन्याला साधारण ४० केक जातात. ओटीजी आता पुरत नाही, म्हणून एका ट्रेचा ३ किलोवॉटचा इलेक्ट्रिक डेक ओव्हन घ्यायचा विचार आहे. करासह किंमत ७०,००० रुपये; १०,००० आधी भरायचे आणि मग २४ महिने ३,०५० रुपयांचा हप्ता. दुकानदार म्हणतो की व्याज फक्त ११ टक्के आहे. ३,०५० ला २०० ने भागले तर १६ केक येतात. मग हप्ता सहज सुटेल ना, की महिन्याला किती केक विकायला हवेत याचा हिशेब वेगळा असतो?

— एक वाचक, कराड

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या भागाकाराची रीत बरोबर आहे. महिन्याचा ठरलेला खर्च घ्यायचा आणि एका नगामागे हाती उरणाऱ्या रकमेने त्याला भागायचे, म्हणजे ना नफा ना तोटा अशी संख्या मिळते. मात्र ज्याला भागायचे ती रक्कम आणि जिने भागायचे ती रक्कम, या दोन्ही तुमच्या मांडणीत अपुऱ्या आहेत, आणि आज जात असलेल्या ४० केकचे काय करायचे हा प्रश्न तर अजून विचारलेलाच नाही. मी हे तिन्ही भाग क्रमाने सोडवून दाखवते. तुम्ही कळवले नाहीत असे आकडे मी अंदाजाने घेतले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या वहीतले आकडे घालावेत. विजेच्या युनिटशी गोंधळ होऊ नये म्हणून केकला मी येथे नगच म्हणते.

प्रथम २०० रुपयांकडे पाहू. सामानाचे १५० रुपये म्हणजे प्रीमिक्स, तेल, व्हिपिंग क्रीम, गनाश, साखरेचा पाक आणि इसेन्स असे गृहीत धरते. केकचा डबा, खालचा बोर्ड, मेणबत्ती आणि सुरी यांचे साधारण २५ रुपये त्यात बहुधा धरलेले नसतात, कारण या वस्तू शंभराच्या गठ्ठ्याने एकदाच आणल्या जातात आणि मग त्यांचा खर्च त्या एका महिन्याच्या नावावर पडून राहतो. पुढे पोचवण्याचा खर्च येतो. निम्मे केक तुम्ही स्वतः पोचवत असाल आणि एका खेपेला २२ रुपयांचे पेट्रोल लागत असेल, तर सरासरीने प्रत्येक केकवर ११ रुपये पडतात. चाळिसांत दोन केकचे सामान वाया जाते असे धरू, कारण कधी स्पंज मध्यभागी बसतो, कधी उन्हाळ्यात क्रीम फाटते, तर कधी मागणी ऐन वेळी रद्द होते. डब्यासह एका केकचे सामान १७५ रुपयांचे, म्हणून दोघांचे ३५० रुपये, आणि ते चाळिसांवर वाटले की नगामागे सुमारे ९ रुपये होतात.

विजेचा हिशेब थोडा बारकाईने करावा लागतो, कारण वीज नगावर लागत नाही, घाणावर लागते. तीन किलोवॉटचा ओव्हन तापायला साधारण वीस मिनिटे लागतात आणि अर्ध्या किलोचा स्पंज भाजायला तीस ते पस्तीस मिनिटे लागतात. थर्मोस्टॅट मध्ये मध्ये कॉइल बंद करत असल्यामुळे या तासाभरात तीनऐवजी सुमारे दोन युनिट वीज खर्च होते. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांना दराचे टप्पे बदलतात, त्यामुळे ओव्हनची वीज तुमच्या सरासरी दराने पडत नाही; ती घरच्या वापराच्या वर चढत असल्याने सर्वांत वरच्या लागू टप्प्याच्या दराने पडते. तो दर सगळे आकार मिळून १४ रुपये धरला, तर एका घाणाला २८ रुपये होतात. घाणात तीन केक असतील तर नगामागे साधारण ९ रुपये, आणि एकाच केकसाठी ओव्हन तापवला तर सगळे २८ रुपये त्याच एका केकवर. बीटर आणि किरकोळ वापर धरून मी १० रुपये घेते.

अशा रीतीने १५०, २५, ११, ९ आणि १० मिळून २०५ रुपये होतात. ३५० मधून ते वजा केले की एका केकमागे १४५ रुपये उरतात. हा आकडा तुमच्या २०० च्या पाऊणपटीहूनही कमी आहे आणि पुढचे सगळे उत्तर यावरच अवलंबून आहे, म्हणून निदान दहा केकचे सामान वजनकाट्यावर मोजून लिहून ठेवावे. क्रीम डोळ्यांनी अंदाजून घेतली तर ती हमखास जास्त जाते.

आता ठरलेल्या खर्चाकडे वळू. केक एकही विकला नाही तरी जो खर्च करावाच लागतो, तो या बाजूला येतो. हप्ता ३,०५० रुपये आहे. केकसाठी फ्रिज अधिक थंड ठेवावा लागतो, त्याचे ३५० धरू. फोन आणि एफएसएसएआय नोंदणी यांचे महिन्याला १०० धरू. टिन, नोझल, बटर पेपर आणि लहानसहान दुरुस्ती यांचे ३०० धरू. हप्ता सोडून हे ७५० रुपये होतात आणि हप्ता धरून ३,८०० रुपये. ३,८०० ला १४५ ने भागले की २६.२ येतात. येथे पूर्णांक नेहमी वरचा घ्यायचा असतो, कारण सव्वीस केकवर तीस रुपये कमीच पडतात. म्हणून घरातून पैसे न घालता महिना पार पाडण्यासाठी २७ केक लागतात. ही रोकडीची संख्या झाली.

तुमचे ४० केक जातात, म्हणजे २७ च्या बरेच पुढे, आणि येथेच बहुतेक जण हिशेब थांबवतात. छोट्या घरगुती उद्योगांच्या वह्या तपासताना मला हीच चूक वारंवार दिसत आली आहे. आज ओव्हन नाही, हप्ता नाही, आणि ४० केक जात आहेत. ४० गुणिले १४५ म्हणजे ५,८००. त्यातून ७५० गेले की ५,०५० रुपये दर महिन्याला तुमच्या घरात येत आहेत. ओव्हन आणला आणि विक्री ४० वरच राहिली, तर ५,८०० मधून ३,८०० जाऊन २,००० रुपये उरतील. हप्ता वेळेवर भरला जाईल, दुकानदाराची तक्रार असणार नाही, आणि तुमची कमाई मात्र निम्म्याहून खाली गेलेली असेल. आजचे ४० केक ओटीजीवरही होतातच, म्हणून त्यांचे पैसे ओव्हनच्या नावावर जमा धरता येत नाहीत. ओव्हनने आपला हप्ता स्वतः आणलेल्या जादा केकमधून फेडला पाहिजे.

तेव्हा ३,०५० ला १४५ ने भागावे. उत्तर २१.०३, म्हणजे २२ जादा केक. आजचे ४० आणि हे २२ मिळून महिन्याला ६२ केक झाले, की तुमच्या हाती आजच्याइतके पैसे राहतील. तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मी ६२ हे मानते, २७ नव्हे. शिवाय या ६२ मध्ये जादा २२ केकची तुमची मेहनत फुकट धरलेली आहे. मिश्रण फेटणे, आयसिंग, बांधणी आणि भांडी मिळून एका केकला तुमचा किमान एक तास जातो असे धरून त्याचे ६० रुपये लावले, तर जादा केकमागे ८५ रुपयेच उरतात. मग ३,०५० भागिले ८५ म्हणजे ३६ जादा केक लागतात आणि एकूण संख्या ७६ होते. तेव्हा ६२ च्या खाली ओव्हन तुमची कमाई खातो, ६२ ते ७६ च्या दरम्यान तो आपला हप्ता भागवतो पण तुम्हाला मजुरी देत नाही, आणि ७६ च्या पुढे तो तुमच्यासाठी कमवू लागतो.

हे २२ केक खरोखर येणार आहेत का, याचा पुरावा तुमच्याकडेच आहे. मागच्या तीन महिन्यांत ओटीजीमुळे किती मागण्या परत पाठवल्या, हे फोनवरच्या संदेशांतून मोजून काढावे. महिन्याला ४० केक म्हणजे दिवसाला दीडही नाही, आणि तेवढे काम ओटीजी सहज करतो. अडचण बहुतेक शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांतच होत असावी. तसे असेल तर ओव्हन घेण्यापूर्वी एक महिना स्पंज आदल्या दिवशी भाजून, पूर्ण थंड झाल्यावर क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवून पाहावा. थंड स्पंज कापायलाही सोपा जातो आणि त्याचा चुराही कमी पडतो. एवढ्याने शनिवारची गर्दी निभावली, तर अडचण ओव्हनची नव्हती. अडचण आयसिंगच्या वेळेची किंवा फ्रिजमधल्या जागेची असेल, तर सत्तर हजारांचा ओव्हन आणूनही केकची संख्या वाढणार नाही. परत पाठवलेल्या मागण्या महिन्याला पंचवीसच्या पुढे भरल्या, आणि त्या ओटीजीच्याच कारणाने परत गेल्या असतील, तर मात्र ओव्हन घ्यावा असेच मी सांगेन.

नानकटाईचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण माझ्या मते या ओव्हनचा खरा उपयोग तिथे आहे. ओटीजीच्या लहान ट्रेमध्ये एका वेळी जेमतेम पंधरा नानकटाया मावतात, तर डेक ओव्हनच्या पूर्ण ट्रेमध्ये त्याच्या दुपटीहून अधिक बसतात, आणि तिला आयसिंग नसल्यामुळे तुमचे हात अडकत नाहीत. साजूक तुपातल्या अर्ध्या किलोच्या पाकिटाची किंमत २५० रुपये धरू. तूप, मैदा, पिठीसाखर आणि वेलची यांचे १२५, डबीचे १४, विजेचे ६, फुटलेल्या नगांचे ७ आणि किराणा दुकानदाराने ठेवलेले दहा टक्के म्हणजे २५, असे १७७ रुपये जातात आणि ७३ उरतात. दोन पाकिटे म्हणजे जवळपास एक केक. जादा २२ केकऐवजी १० केक आणि २२ पाकिटे विकली, तर १,४५० आणि १,६०६ मिळून ३,०५६ रुपये होतात आणि हप्ता भागतो. अनेक पदार्थ असले तरी ना नफा ना तोटा अशा वेगवेगळ्या संख्या काढत बसू नये. एका पदार्थाला माप मानून बाकीच्यांना त्याच मापात मोजावे.

आता दुकानदाराच्या ११ टक्क्यांबद्दल. तो ६०,००० च्या पूर्ण रकमेवर दोन्ही वर्षे ११ टक्के लावत आहे. दोन वर्षांचे व्याज १३,२०० होते, ते मुद्दलात मिळवून २४ ने भागले की बरोबर ३,०५० येतात. यालाच फ्लॅट दर म्हणतात. प्रत्यक्षात तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, आणि पहिले वर्ष संपताना निम्म्याच्या आसपास मुद्दल परत गेलेले असते, तरी व्याज मात्र पहिल्या दिवशीच्या रकमेवरच चालू राहते. घटत्या शिलकीवर मोजले तर हाच दर वर्षाला २० टक्क्यांच्या जवळ जातो. एखाद्या बँकेने घटत्या शिलकीवर १३ टक्क्यांनी हेच ६०,००० दिले, तर हप्ता २,८५३ च्या आसपास बसेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांनी अशा कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे आवश्यक आहे आणि त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्यापूर्वी तो कागद मागून घ्यावा. आधी १०,००० ऐवजी २०,००० भरता आले, तर ५०,००० पर्यंतचे मुद्रा योजनेतले शिशु कर्जही विचारून पाहता येईल.

असे असले तरी व्याजाच्या घासाघीशीत सगळा जीव गुंतवू नये. हप्ता जवळपास १९७ रुपयांनी उतरला, तर रोकडीची संख्या २७ वरून २५ होते. उलट तुम्ही ओळखीपाळखीत केकमागे २० रुपये कमी घेतले, तर हाती १२५ उरतात आणि तीच संख्या ३१ होते. दर महिन्याला ही सूट किती जणांना दिली जाते, ते एकदा लिहून काढावे. मुदत वाढवण्याचा मोहही तपासून घ्यावा. याच फ्लॅट दराने ३६ महिने घेतले, तर हप्ता २,२१७ होतो आणि जादा केक २२ ऐवजी १६ पुरतात, मात्र व्याज १३,२०० वरून १९,८०० वर जाते. परत पाठवलेल्या मागण्या मोजल्यावर त्या सोळा ते बावीसच्या मध्ये आल्या, तरच हा जादा खर्च मान्य करावा. त्याहून कमी आल्या तर मुदत वाढवूनही हा ओव्हन परवडत नाही.

आधी भरायचे १०,००० आणि ओव्हनसाठी लागणारी वायरिंग हप्त्याच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. तीन किलोवॉटचा ओव्हन तेरा-चौदा अँपिअर वीज सलग ओढतो. त्यासाठी स्वतंत्र जाड वायर, वेगळा एमसीबी आणि चांगले अर्थिंग लागते, आणि बिलावरचा मंजूर भार पुरेसा आहे का हेही पाहावे लागते. या कामाचे ३,००० धरले तर ओव्हन तुम्हाला ७३,००० ला पडतो. पाच वर्षांनी तो १३,००० ला विकला जाईल असे धरले, तर ६०,००० रुपये साठ महिन्यांत झिजतात, म्हणजे महिन्याला १,०००. नफातोट्याच्या वहीत हा घसारा आणि सरासरी ५५० रुपये व्याज लिहायचे असते. हप्त्यातला मुद्दलाचा भाग खर्च म्हणून तिथे लिहायचा नसतो. पुष्कळ जणी हप्ताही लिहितात आणि घसाराही लिहितात, त्यामुळे एकाच ओव्हनचा खर्च दोनदा पडतो आणि चांगला चाललेला उद्योग तोट्यात दिसू लागतो. घसारा, व्याज आणि ७५० मिळून २,३०० होतात आणि त्यांना १४५ ने भागले की १६ केक येतात. योगायोगाने हा तुमचाच आकडा आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. सोळा केकवर उद्योग तोट्यात नसेल, तरी हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे कमी असतील.

म्हणून हप्त्याच्या निर्णयासाठी रोकडीचीच संख्या वापरावी, आणि तीही सरासरी महिन्यावर न लावता सर्वांत मंद महिन्यावर लावून पाहावी. पितृपक्षात वाढदिवस होतात, पण पुष्कळ घरांत समारंभ पुढे ढकलले जातात. परीक्षेच्या दिवसांतही मागणी उतरते. एखाद्या महिन्यात ४० चे २५ केक झाले, तर हाती ३,६२५ येतील आणि लागतील ३,८००. कमी पडलेले १७५ रुपये किरकोळ आहेत, परंतु हप्ता परत गेला तर बँकेचे शुल्क लागते आणि कर्जाच्या नोंदीवर डागही राहतो. त्यामुळे पहिला हप्ता सुरू होण्यापूर्वी दोन हप्त्यांचे ६,१०० रुपये वेगळ्या खात्यात ठेवावेत, आणि डिसेंबरसारख्या चांगल्या महिन्यांतून ती ठेव पुन्हा पूर्ण करावी.

चोवीस महिन्यांनी हप्ता थांबेल, तेव्हा फक्त ७५० चा ठरलेला खर्च राहील आणि रोकडीची संख्या एकदम ६ केकवर येईल. त्या वेळी भाव उतरवून जास्त मागण्या ओढाव्यात असे वाटू शकते, पण ओव्हनची झीज तेव्हाही चालूच असते. घसाऱ्याचे १,००० रुपये ७५० मध्ये मिळवून १,७५० धरावेत, म्हणजे १३ केक, आणि हप्ता संपलेल्या महिन्यापासून ते हजार रुपये पुढच्या ओव्हनच्या नावाने आवर्ती ठेवीत टाकायला सुरुवात करावी.